काटा कुठे असताना रडते, ते आधी विचारा

धनकवडीतल्या गॅरेजमध्ये कामाला लागून मला चारच महिने झाले होते. एका सकाळी एक सीएनजी रिक्षावाले दादा आले. म्हणाले, "गॅसवर झटके मारतीय, आणि पेट्रोलवर टाकली की बंदच पडतीय. किटच गेलं बहुतेक." मी लगेच पाना उचलला. उस्ताद काकांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि दादांना विचारलं, "गॅस भरून निघाल्यावरही झटके मारते का?"

"नाही, तेव्हा चांगली पळते. काटा अर्ध्याखाली आला की कात्रजच्या चढाला दम टाकते."

या एका उत्तराने अर्धं काम झालं होतं, पण ते मला तेव्हा कळलं नाही. सिलिंडर भरलेला असतो तेव्हा आत 200 बारच्या आसपास दाब असतो. तेवढा दाब असला की फिल्टर थोडा तुंबलेला असला तरी गॅस पुढे रेटला जातो. दाब कमी झाला की तोच अडथळा इंजिनाला उपाशी ठेवतो. याच्या उलट, भरल्या सिलिंडरवर गाडी गचके खात असेल आणि गॅस कमी झाल्यावर सुधारत असेल, तर सिलिंडरचा दाब उतरवून इंजिनाला देणारा रेग्युलेटर दाब नीट धरत नाही, असा संशय घ्यायचा.

तरीही काकांनी गॅसला हात लावायच्या आधी प्लग काढला. गॅसच्या मिश्रणाला पेटायला ठिणगी जोरदार लागते. त्यामुळे प्लग, त्याची कॅप किंवा कॉइल कमजोर झाली की ते आधी गॅसवर कळतं. प्लगची गॅप ठीक होती आणि इलेक्ट्रोडही झिजलेला नव्हता. टॅपेटही बघून घेतले. मग रेग्युलेटरची पाळी.

गाडी उघड्यावर काढली. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून इंजिन गॅसवरच चालू ठेवलं, आपोआप बंद पडेपर्यंत. याने लाइन रिकामी होते, आणि हे केल्याशिवाय कुठलाही पाइप सोडायचा नाही. मग रेग्युलेटर आणि गॅस इंजेक्टरच्या मधल्या रबरी पाइपात टी टाकून गेज बसवला. व्हॉल्व्ह उघडला, जोडांवर साबणाचं पाणी लावून लीक तपासलं. या किटचा ठरलेला दाब होता 2 बार. स्लोवर काटा 2 वरच थांबला, हळूहळू वर चढत गेला नाही, म्हणजे रेग्युलेटरची सीट बरी होती. पण एकदम रेस दिली की काटा खाली जायचा आणि सावकाश वर यायचा. म्हणजे गॅस मागूनच कमी येत होता.

रेग्युलेटरच्या तोंडाचा फिल्टर हाय प्रेशरच्या बाजूला असतो. ते काम किटच्या अधिकृत कारागिराचं. त्यात नवशिक्याने हात घालू नये, आणि मीही घातला नाही, फक्त बॅटरी धरून उभा होतो. फिल्टर काळाकुट्ट निघाला. त्याच्या वाटीत चहाचा चमचाभर चिकट तेल साचलं होतं. गॅस भरताना पंपाच्या कॉम्प्रेसरचं तेल थोडं थोडं गॅसबरोबर येतं आणि इथे साचतं. फिल्टर बदलला, तेल पुसलं. डायफ्रॅम हाताला मऊच लागला, म्हणून तोच ठेवला. पुन्हा रेस दिली तेव्हा काटा जरासा हलून लगेच 2 वर परतला.

दादांना वाटलं, आता पेट्रोलही चालेल. चालत नव्हतं, कारण तो बिघाडच वेगळा होता. चावी फिरवल्यावर पंपाचा आवाज येत होता, इंजेक्टरला करंटही मिळत होता. मीटरवर रेझिस्टन्स 13 ओहम आला, म्हणजे कॉइल शाबूत. इंजेक्टर काढून काचेच्या नळीवर चालवून बघितला, तर फवारा उडायच्या जागी पेट्रोलची नुसती धार गळत होती. सहा महिने तेच पेट्रोल टाकीत पडून होतं. त्याचा डिंक होऊन तोंडाला बसला होता. इंजेक्टर मशीनवर साफ केला, टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरलं.

इथे माझ्या हातून एक नुकसान होता होता वाचलं. गॅस इंजेक्टर उघडतो का बघायला मी त्याला थेट बॅटरीच्या वायरी लावणार होतो. या इंजेक्टरची कॉइल बहुतेकदा 2-3 ओहमचीच असते. 12 व्होल्ट सलग मिळाले की ती तापते आणि जळते. काकांनी ओरडून थांबवलं. तो टेस्टरनेच तपासायचा, टिक टिक असा तुटक करंट देऊन.

दादांना एकच सांगितलं, रोज सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर पेट्रोलवर मारा. पंधरा दिवसांनी ते मला शेजारी बसवून कात्रजच्या चढाला घेऊन गेले. काटा पावाच्याही खाली होता. निम्म्या चढावर त्यांनी बटण पेट्रोलवर टाकलं. आवाज जरासा बदलला, रिक्षा तशीच चढत राहिली.