परीक्षेच्या तीन दिवस आधी आलेला फ्लू

सोमवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास लायब्ररीत बसले असताना अचानक हुडहुडी भरली. तासाभरापूर्वी मी अगदी ठणठणीत होते. सर्दी हळूहळू वाढत जाते, फ्लू मात्र असा एका फटक्यात येतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. खोलीवर पोचेपर्यंत अंग मोडून आलं होतं. ताप १०२.५. गुरुवारी सकाळी साडेनऊला पेपर, आणि परक्या देशात त्या खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

पहिली चूक औषधाची झाली. रात्री अकराला पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्या घेतल्या, पहाटे पाचला आणखी दोन. मग सकाळी आठला आणि दुपारी एकला ‘सर्दी-फ्लू’ असं लिहिलेली पावडर गरम पाण्यातून प्यायले. ते वेगळं औषध आहे असंच मी धरून चालले होते. दोन वाजता पुन्हा गोळ्यांची पट्टी हातात घेतली तेव्हा आई व्हिडिओ कॉलवर होती. ती म्हणाली, “अगं, थांब. त्या पाकिटावर काय लिहिलंय ते मला मोठ्यानं वाचून दाखव.” वाचलं, तर एका पुडीत १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. चार गोळ्यांचे दोन ग्रॅम आणि दोन पुड्यांचे दोन, असे चार ग्रॅम. मोठ्या माणसाची दिवसभराची कमाल मर्यादा मी चौदा तासांतच गाठली होती, आणि पहाटेच्या गोळ्यांनंतर तीन तासांतच पुडी घेतली होती. फार्मासिस्टला फोन केला. त्यानं वजन विचारलं, यकृताचा काही त्रास आहे का विचारलं, आणि रात्री अकरापर्यंत पॅरासिटामॉल असलेलं काहीही घ्यायचं नाही असं बजावलं. जास्त झालेल्या पॅरासिटामॉलची लक्षणं सुरुवातीला बऱ्याचदा दिसतच नाहीत, म्हणून ‘मला तर बरं वाटतंय’ यावर विसंबू नका. तेव्हापासून मी उशाशी कागद ठेवला: वेळ, औषध, मिलिग्रॅम. तापात डोक्यातला हिशेब टिकत नाही.

बुधवारी सकाळी दहाला डॉक्टरांशी बोलणं झालं. मला लहानपणापासून दमा आहे, हे मी आधीच सांगितलं, आणि त्यानंच फरक पडला. फ्लूवरचं ऑसेल्टामिविर हे औषध लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. माझे चाळीस तास झाले होते. धडधाकट तरुणाला ते बहुधा देत नाहीत, कारण फायदा साधारण एका दिवसाचाच असतो. दमा, मधुमेह, गरोदरपण असं काही असेल तर मात्र वाट पाहत बसू नका. मला ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, पाच दिवस अशी मिळाली. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं. धाप लागली, छातीत दुखलं, गोंधळल्यासारखं झालं किंवा ताप उतरून पुन्हा चढला तर थेट इमर्जन्सीला फोन करायचा, असंही त्यांनी सांगितलं. शेजारच्या खोलीतल्या मुलीला मी सकाळ-संध्याकाळ एक मेसेज पाठवायचे. तो आला नाही तर तिनं दार वाजवायचं, असं आमचं ठरलं होतं.

आता परीक्षेचं. माझा हट्ट होता, गोळी खाऊन जाऊ, दोन तासांचा तर पेपर आहे. विभागाला मेल केला म्हणून नियम कळला: पेपरला बसलात, म्हणजे तुम्ही स्वतःला तंदुरुस्त जाहीर केलंत. मग पेपर वाईट गेला तरी आजारपणाचं कारण चालत नाही. अनेक विद्यापीठांत असंच आहे, म्हणून आपल्याकडचा नियम पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा. पुढे ढकलण्याचा अर्ज माझ्या विभागात पेपर सुरू होण्याआधी पोचायला हवा होता. तो मी बुधवारी दुपारी अंथरुणातूनच भरला.

डॉक्टरांनी पहिल्यांदा दिलेल्या चिठ्ठीवर फक्त ‘विषाणूजन्य ताप’ असं होतं. मी पुन्हा फोन करून कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि ‘परीक्षेला बसण्यास असमर्थ’ हे लिहून घेतलं. बरं झाल्यावर मागच्या तारखेचं प्रमाणपत्र मागितलं तर डॉक्टर सहसा देत नाहीत, ‘आजारी असल्याचं रुग्णानं सांगितलं’ एवढंच लिहितात, आणि त्याला वजन नसतं. आणखी एक विचारून घ्या: पुढची परीक्षा व्हिसाच्या मुदतीत बसते का. परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात मी हे विचारलं. माझी बसत होती, पण शेवटच्या सत्रात असते तर अडचण झाली असती.

शुक्रवारी दुपारनंतर औषधाशिवाय ताप आला नाही. पुढचे २४ तास मी खोलीतच काढले. सोमवारचा दुसरा पेपर मी दिला. खोकला होता, म्हणून आदल्या दिवशी कळवून दाराजवळची कडेची जागा मागून घेतली. पायात बळ नव्हतं, जिना चढताना दोनदा थांबले. राहिलेल्या पेपरची तारीख दहा आठवड्यांनंतरची मिळाली.