पॅनिक अटॅक की हार्टचा त्रास? श्वास घेताना होणाऱ्या या चुका टाळा

छातीत धडधड सुरू झाली, घाम फुटला, श्वास पुरेना, की शेजारचा माणूस हमखास म्हणतो "खोल श्वास घे, अजून खोल". सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण पॅनिक अटॅकमध्ये नेमका हाच सल्ला त्रास वाढवतो.

पण त्याआधी होणारी मोठी चूक म्हणजे घरच्या घरी ठरवून टाकणं की हे टेन्शनचंच आहे. छातीवर दाब किंवा आवळल्यासारखं वाटतंय, दुखणं हात, जबडा, पाठ यांच्याकडे सरकतंय, जिना चढताना किंवा चालताना सुरू झालंय, थंड घाम आणि मळमळ आहे, चक्कर येऊन शुद्ध गेली, असं काही असेल तर श्वासाचे व्यायाम करत बसू नका, लगेच अँब्युलन्स बोलवा आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका. डायबेटिस असलेले, वयस्कर लोक आणि बायका यांच्यात तर छातीत फारसं न दुखताही हार्ट अटॅक येऊ शकतो, नुसता दम लागतो नाहीतर खूप थकवा येतो. आणि आयुष्यात पहिल्यांदाच असं होत असेल तर तो हार्टचा त्रास समजूनच तपासायचा. एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून लगेच सुटलो असंही नसतं, म्हणून तर डॉक्टर थोड्या थोड्या वेळाने परत ईसीजी काढतात, हार्टच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन परत बघतात. तिथे थांबायला सांगितलं तर थांबा, उगाच घाई करू नका.

आता समजा अठ्ठावीस वर्षांची एक मुलगी आहे, तिची सगळी तपासणी आधी झालीये, हार्ट ठीक आहे आणि डॉक्टरांनी पॅनिक अटॅक असंच निदान केलंय. ती खुर्चीत शांत बसलेली असताना अचानक नाडी 120 ला जाते, श्वास मिनिटाला 28 च्या आसपास, ओठांभोवती मुंग्या, बोटं बधिर होऊन आत वळायला लागतात, डोकं हलकं आणि आजूबाजूचं सगळं खोटं खोटं वाटतं. तिला वाटतं ऑक्सिजन कमी पडतोय, पण ऑक्सिमीटर दाखवतो 99. मग नक्की होतंय काय?

धोका नसतानाही शरीराने धोक्याची घंटा वाजवलीये, अॅड्रेनालिन सुटलंय, त्यामुळे नाडी आणि श्वास दोन्ही वाढले. इतक्या भरभर श्वासाने ऑक्सिजन काही वाढत नाही, तो आधीच पुरेसा असतो, पण कार्बन डायऑक्साइड मात्र गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. तो कमी झाला की रक्त थोडं अल्कधर्मी होतं, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून डोकं गरगरतं, आणि रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं म्हणून मुंग्या येतात, बोटं वळतात. ती हे बघून अजून घाबरते, अजून जोरात श्वास ओढते, कार्बन डायऑक्साइड अजून खाली. "खोल श्वास घे" म्हणणारा याच चक्रात भर घालत असतो.

म्हणून श्वास मोठा नाही, हळू आणि छोटा करायचा. आधी आतला श्वास सावकाश सोडून द्यायचा, मग नाकाने साधारण 4 आकडे मोजत हलकाच आत घ्यायचा, 6 आकडे मोजत ओठ थोडे मिटून सोडायचा, म्हणजे सेकंदाला एक आकडा धरला तर मिनिटाला सहाच श्वास. छाती फुगवायची नाही, पोट हलू दे. 4-6 जमत नसेल तर 3-4 ने सुरू करा, पण सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवा, कारण श्वास सोडताना मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हमुळे ठोके आपोआप थोडे मंदावतात. पहिल्या मिनिटात हवा पुरत नाहीये असं वाटणारच, ते सहन करून चालू ठेवायचं. कार्बन डायऑक्साइड हळूहळू वर आला की आधी मुंग्या ओसरतात, धडधड जायला वेळ लागतो कारण अॅड्रेनालिनचा परिणाम लगेच जात नाही, आणि बरेच लोक इथेच "उपयोग नाही" म्हणून सोडून देतात. अटॅकचा जोर साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचून उतरायला लागतो.

कागदी पिशवीत श्वास घेणं मात्र अजिबात नको, त्रास हार्टचा किंवा दम्याचा निघाला तर ऑक्सिजन कमी होऊन जिवावर बेतेल. आणि श्वासाने बरं वाटलं म्हणजे हार्ट नव्हतंच, असा निष्कर्षही काढू नका, ती टेस्ट नाही. धडधड बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होऊन एकदम थांबत असेल आणि नाडी 150 च्या वर एका तालात असेल तर ठोक्यांच्या लयीचा आजार असू शकतो, चालू असतानाच ईसीजी काढून घ्या.

सराव शांत असताना करा, रोज पाच मिनिटं. त्यातही चक्कर आली तर तुम्ही श्वास मोठा घेताय, अजून छोटा करा.