मॅरेथॉन किती युनिटची? धावण्याची ऊर्जा घरच्या मीटरशी कशी ताडून पाहावी

वीजबिलावरचे एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. एक किलोवॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट पडते. मॅरेथॉनमध्ये जाळलेल्या कॅलरीही याच मापात मोजता येतात, कारण ८६० किलोकॅलरी म्हणजे एक युनिट. हिशोबाला लागते एवढेच: धावणाऱ्याचे वजन, त्याला लागलेला वेळ आणि घरच्या मीटरची दोन रीडिंग.

आधी धावणे. सपाट रस्त्यावर माणूस दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलोमागे साधारण एक किलोकॅलरी खर्च करतो. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. मुंबई मॅरेथॉन धावणारा ६० किलो वजनाचा धावपटू घेऊ. ६० गुणिले ४२.१९५ म्हणजे सुमारे २,५३० किलोकॅलरी. त्याला ८६० ने भागले की २.९४, म्हणजे जवळजवळ तीन युनिट. धावण्याची ढब, चढ आणि वारा यांनी हा आकडा दहा टक्के इकडेतिकडे होतो, म्हणून दशांशानंतरच्या दुसऱ्या अंकावर फार विसंबू नका.

इथे एक गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मला खूप आवडली होती. तो धावपटू तीन तासांत पोहोचो वा पाच तासांत, युनिट जवळजवळ तेवढीच पडतात. बदलतो तो खर्चाचा वेग, म्हणजे वॅट. २.९४ युनिट चार तासांत खर्च झाली तर सरासरी ७३५ वॅट, साधारण घरच्या मिक्सरएवढी. तीन तासांत झाली तर ९८० वॅट, म्हणजे इस्त्रीच्या जवळ. मीटरवर 3200 imp/kWh असे लिहिले असेल, तर त्यावरचा दिवा दर युनिटला ३,२०० वेळा लुकलुकतो. आपला चार तासांचा धावपटू त्या मीटरला जोडलेला असता, तर दिवा मिनिटाला सुमारे ३९ वेळा लुकलुकला असता. घरातला भार तेवढाच ठेवून मोजून पाहा, आकडा डोळ्यांना पटतो.

आता घर. बिलावरच्या एकूण युनिटना बिलाच्या दिवसांनी भागले की रोजची सरासरी मिळते. भागताना ३० गृहीत धरू नका, दोन रीडिंगच्या तारखांमधले खरे दिवस मोजा. त्याहून बरे म्हणजे सकाळी सातला रीडिंग लिहून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी सातलाच पुन्हा घ्यायचे. मीटरचा पडदा आकडे बदलत राहतो. त्यातला kWh लिहिलेलाच घ्या, kW लिहिलेला नव्हे, कारण तो वेग आहे, खर्च नाही. समजा काल ४३१८.२ होते आणि आज ४३२२.४ आहे. वापर झाला ४.२ युनिट: फ्रीज, तीन पंखे, दिवे, टीव्ही आणि थोडी इस्त्री असलेल्या घराला शोभेल असा. म्हणजे पूर्ण मॅरेथॉन या घराच्या एका दिवसाच्या सुमारे ७० टक्के. घरात दोन हजार वॅटचा गिझर असेल, तर तो दीड तास तापवला की एक मॅरेथॉन संपली.

उत्तर भलतेच आले तर चूक बहुधा कॅलरीत असते. खाण्याच्या पाकिटावर आणि घड्याळात जिला आपण कॅलरी म्हणतो ती खरे तर किलोकॅलरी असते. तिला शास्त्रीय कॅलरी धरले की मॅरेथॉन ०.००३ युनिटची होते, आणि तेवढ्यात नऊ वॅटचा दिवा वीस मिनिटेही जळत नाही. दुसरे म्हणजे, काही घड्याळे नुसते बसून राहिल्यावरही झाला असता तो खर्च धावण्याच्या खर्चात धरतात. चार तासांत तो ६० किलोच्या माणसाचा सुमारे २४० किलोकॅलरी, म्हणजे पाव युनिटाहून थोडा जास्त असतो. दोन धावपटूंची तुलना करताना दोघांचा आकडा एकाच पद्धतीने काढा.

एवढ्यावर थांबलात तर मात्र तुलना अर्धवट राहते. धावपटूची तीन युनिटे अन्नातली आहेत, मीटरवरची वीज तयार होऊन आलेली आहे. स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा फार तर पाचवा ते चौथा हिस्सा कामात उतरवतात, बाकीची उष्णता होते आणि ती घामावाटे बाहेर टाकावी लागते. तेवढेच अन्न जाळून त्याने सायकलला जोडलेला डायनॅमो फिरवला असता, तर वीज मिळाली असती ०.६ ते ०.७ युनिट, तीही डायनॅमोतली गळती न धरता. या घराचे जेमतेम चार तास त्यावर निघतील. उलट बाजूने पाहा. कोळशावरच्या वीजकेंद्रात एका युनिट विजेसाठी साधारण तीन युनिट उष्णता जाळावी लागते, म्हणजे घराच्या ४.२ युनिटांमागे साडेबारा युनिटांचा कोळसा. अन्नाशी कोळसा ताडला, तर त्या एका दिवसात चार मॅरेथॉन मावतात.