क्लिप लावली म्हणजे अर्थिंग झालं असं नाही: सॉल्व्हंट ओतताना या चुका टाळा

ड्रममधून बादलीत टोल्युइन काढताना स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून जवळजवळ प्रत्येक जण अर्थिंगची क्लिप लावतो. ती कशाला लागली आहे हे मात्र फार थोडे जण बघतात. माझी सगळ्यात जास्त चिडचिड याच चुकीवर होते, कारण तिचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला आहे.

एका प्लांटमध्ये मी शिफ्ट सांभाळत होतो. स्टँडवर आडवा ठेवलेला 200 लिटरचा ड्रम, त्याला पितळी तोटी आणि खाली स्टीलची 20 लिटरची बादली. ओतणाऱ्याने बादली कडीने तोटीलाच अडकवली होती. कडीवर प्लास्टिकची मूठ होती, म्हणजे बादली प्लास्टिकवर लटकत होती. क्लिप त्याने काठाला लावली होती, पण काठावर रंगाचा जाड थर होता. बादली भरत आली तशी ती जराशी हलली, काठ तोटीच्या तोंडाजवळ गेला आणि भडका उडाला. त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. पावडरच्या सिलिंडरने आग विझली म्हणून शेजारचे ड्रम वाचले.

नंतर सगळी वाफ निघून गेल्यावर मी मीटर लावला. ड्रम ते अर्थ अर्ध्या ओहमपेक्षा कमी, अगदी उत्तम. बादली ते क्लिप मात्र उघडं सर्किट! ड्रम अर्थ झालेला होता, बादली नव्हती आणि त्या दोघांच्या मधल्या फटीत ठिणगी पडली.

हिशोब साधा आहे. टोल्युइन वीज जवळजवळ वाहू देत नाही, त्यामुळे नळीतून वाहताना त्यात साठलेला स्थिर विजेचा भार बादलीत येऊन जमतो. अशा सुट्या बादलीची धारिता साधारण 20 पिकोफॅरड धरली आणि तिच्यावर 10 हजार व्होल्ट चढले, तर ठिणगीत 1 मिलिज्यूल ऊर्जा असते. टोल्युइनची वाफ पेटायला पाव मिलिज्यूलही पुरते. त्यात 20 अंशांना बंद भांड्यातल्या टोल्युइनची वाफ हवेत 3 टक्क्यांच्या आसपास असते आणि पेटण्याची मर्यादा साधारण 1 ते 7 टक्के आहे. म्हणजे नेमकं पेटेल असंच मिश्रण बादलीच्या तोंडाशी तयार असतं.

म्हणून माझी सवय अशी: धातूत रुतणारी, अणकुचीदार दातांची क्लिप वापरायची, ती लावून एकदा डावी-उजवीकडे फिरवायची म्हणजे रंग खरवडून दात धातूला भिडतात, आणि प्लास्टिकच्या मुठीची बादली लटकवायचीच नाही. ड्रम अर्थला, बादली ड्रमला. वायर आणि क्लिप दर आठवड्याला मीटरवर तपासतो, 10 ओहमच्या वर गेल्या तर बदलतो. हे काम सॉल्व्हंटपासून लांब, स्वच्छ रिकाम्या भांड्यावर करायचं. साधा मीटर उघड्या ड्रमशेजारी आणू नका.

दुसरी चूक प्लास्टिकच्या कॅनची. कॅनला क्लिप लावून लोक निश्चिंत होतात. प्लास्टिकमधून भार वाहतच नाही, मग क्लिप काय करणार? त्यात धातूचं नरसाळं ठेवलं तर आपल्या हाताने एक सुटा, भार साठवणारा तुकडा तयार होतो. मी अशा सॉल्व्हंटसाठी धातूचा कॅनच वापरतो. नाइलाजाने प्लास्टिक आलंच, तर छोटा कॅन घेतो, अर्थ केलेलं धातूचं नरसाळं त्याच्या तळापर्यंत जाईल असं ठेवतो आणि ओततो अगदी सावकाश. तरीही तो धोका कमी होतो, संपत नाही.

नवे लोक तोटी पूर्ण उघडून मोकळे होतात. वरून धार पडली की शिंतोडे उडतात, भार वाढतो. नळी तळाशी टेकवा आणि तिचं तोंड बुडेपर्यंत धार बारीक ठेवा. मधे कापडी फिल्टर असेल तर भार कितीतरी पटींनी वाढतो, तिथे आणखी सावकाश.

क्लिप आधी, तोटी नंतर. शेवटी तोटी आधी बंद, क्लिप सगळ्यात शेवटी. बादली नीट अर्थ केलेली असली तरी आतल्या टोल्युइनमधला भार निघून जायला काही सेकंद, कधी अर्धं मिनिट लागतं, म्हणून ओतून झाल्यावर मिनिटभर थांबूनच मोजपट्टी बुडवा किंवा नमुना काढा. याच मिनिटाची घाई मला कायम दिसते.

अँटीस्टॅटिक बूट घालून पुठ्ठ्यावर किंवा प्लास्टिकच्या शीटवर उभे राहू नका, बुटांचा काहीच उपयोग उरत नाही.