शिकाऊ विश्लेषकाचा अहवाल कसा तपासावा: ‘गुण २० टक्क्यांनी वाढले’ या दाव्याची उलटतपासणी

शिकाऊ विश्लेषकाच्या अहवालात बेरजेची चूक असेल तर ती लवकर सापडते. तपासणाऱ्याचा कस लागतो तो वेगळ्या अहवालात: प्रत्येक आकडा बरोबर आहे, आलेख नीटनेटके आहेत, आणि तरीही निष्कर्ष टिकत नाही. असाच एक अहवाल समोर ठेवून तो पायरीपायरीने तपासू. आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण त्यातल्या चुका नेहमी भेटणाऱ्या आहेत.

समजा, एका अभ्यासक्रमात ४०० विद्यार्थी आहेत. १०० गुणांच्या पहिल्या चाचणीत ५० पेक्षा कमी गुण मिळालेल्या १०० जणांसाठी जादा वर्ग घेतले. नंतर सगळ्यांसाठी दुसरी चाचणी ठेवली. अहवालात लिहिलं आहे: ‘जादा वर्गांमुळे सरासरी गुण ४१ वरून ४९ झाले. ही जवळपास २० टक्क्यांची वाढ आहे. योजना पुढे चालू ठेवावी.’ सोबत एक स्तंभालेख आणि शेवटी मर्यादांचा छोटा परिच्छेद.

पायरी १: निष्कर्ष बाजूला ठेवा, आधी माणसं मोजा

निष्कर्ष आधी वाचला की पुढची सगळी पानं त्याला दुजोरा देतायत असं वाटू लागतं. म्हणून मी आधी मूळ डेटा उघडतो आणि एकच गोष्ट बघतो: प्रत्येक सरासरी नेमक्या किती जणांची आहे? पायथनमध्ये पांडास वापरत असाल तर एक ओळ पुरते.

```python
df.groupby("extra_class")[["test1", "test2"]].agg(["size", "count", "mean"])
```

`size` गटातल्या सगळ्या ओळी मोजतो, `count` फक्त भरलेल्या नोंदी मोजतो. या दोन्हींत फरक दिसला की कुणीतरी गळालं आहे. आपल्या उदाहरणात जादा वर्गांच्या गटात पहिल्या चाचणीच्या १०० नोंदी आहेत, दुसऱ्या चाचणीच्या फक्त ८०. म्हणजे ४१ ही शंभर जणांची सरासरी आणि ४९ ही ऐंशी जणांची. सरासरी काढताना रिकाम्या नोंदी आपोआप वगळल्या जातात, त्यामुळे लिहिणाऱ्याला हे कळलंही नसेल.

न आलेल्या २० जणांची पहिल्या चाचणीतली सरासरी काढली तर ती ३६ निघते. सर्वांत मागे असलेलेच जास्त गळाले. उरलेल्या ८० जणांची पहिली सरासरी ४२.२५ होती. म्हणजे वाढ आठ गुणांची नाही, पावणेसात गुणांची आहे. अहवालातला पहिला आकडा इथेच बदलला, आणि अजून पद्धतीकडे आपण वळलोही नाही.

पायरी २: वर्ग घेतलेच नसते तर काय झालं असतं, ते विचारा

पद्धतीबद्दलचा हाच मुख्य प्रश्न आहे. वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, हा सोडू नका.

पहिल्या चाचणीत ज्यांना सर्वांत कमी गुण मिळाले, त्यांत दोन प्रकारचे विद्यार्थी असतात. काहींची तयारी खरोखरच कच्ची असते. काहींचा तो दिवस वाईट गेलेला असतो: तब्येत बरी नव्हती, नको तेच प्रश्न आले. दुसऱ्या चाचणीत वाईट दिवस पुन्हा त्याच लोकांच्या वाट्याला येतोच असं नाही, म्हणून या गटाची सरासरी काहीही न करता वर सरकते. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीच्या नोंदींत हे दाखवलं: फार उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरीपासून तितकी दूर नसतात. टोकाचे लोक निवडून त्यांची पुन्हा मोजणी केली की हे होतंच, मग विषय गुणांचा असो, रक्तदाबाचा असो की विक्रीचा.

किती वाढ आपोआप झाली असती याचा अंदाज त्याच डेटात दडलेला आहे. जादा वर्ग न मिळालेले ३०० जण घ्या आणि त्यांच्या पहिल्या गुणांवरून दुसऱ्या गुणांची सरळ रेषा काढा. स्प्रेडशीटमध्ये `SLOPE` आणि `INTERCEPT` ही दोन सूत्रं पुरतात. समजा रेषा अशी आली:

दुसरे गुण = १८ + ०.७ × पहिले गुण

यात ४२.२५ घातले की ४७.६ मिळतात. म्हणजे वर्ग झाले नसते तरी या ८० जणांची सरासरी साधारण ४७.६ पर्यंत आली असती. प्रत्यक्षात ती ४९ आहे. वर्गांच्या नावावर मांडता येईल असा फरक उरतो तो १.४ गुणांचा. दुसरी चाचणी सोपी होती का, ही शंकाही याच रेषेने बऱ्याच अंशी मिटते, कारण ती सोपी असती तर त्या ३०० जणांचेही गुण वाढले असते आणि रेषा वर गेली असती.

या उत्तराचीही एक कच्ची बाजू आहे. ही रेषा ५० आणि त्याहून जास्त गुणांच्या विद्यार्थ्यांवरून काढली आणि आपण ती ५० च्या खाली ताणली. खालीही ती तशीच सरळ जाते हे आपण गृहीत धरलं. म्हणून आणखी एक तुलना करून बघावी: ४५ ते ४९ गुणांचे विद्यार्थी आणि ५० ते ५४ गुणांचे विद्यार्थी. तयारीत हे दोन गट जवळजवळ सारखे, फक्त एका गटाला वर्ग मिळाले. सीमारेषेच्या खाली, म्हणजे वर्ग मिळालेल्यांच्या बाजूला, दुसरे गुण ठळकपणे वर उचललेले दिसले तर वर्गांच्या बाजूने तो चांगला पुरावा ठरतो. मात्र अशा गटांत माणसं थोडी असतात, हे लक्षात ठेवा.

शिकाऊ व्यक्तीने ही रेषा काढायलाच हवी होती असं मी म्हणणार नाही. पण तुलनेसाठी ३०० जण हाताशी असताना त्यांचा अहवालात उल्लेखच नसणं ही पद्धतीतली मोठी उणीव आहे, आणि तिचे गुण कापावेत.

पायरी ३: उरलेला फरक किती खात्रीचा आहे ते पाहा

१.४ हा एकच आकडा आहे, त्याच्या आजूबाजूला अनिश्चितता आहे. समजा, रेषेभोवती विद्यार्थ्यांचे गुण साधारण ११ गुणांच्या प्रमाण विचलनाने पसरलेले आहेत. ८० चं वर्गमूळ सुमारे ९. अकराला नवाने भागलं की सुमारे १.२ ही प्रमाण त्रुटी मिळते. तिची दुप्पट दोन्ही बाजूंना धरली तर परिणाम उणे १ पासून ३.८ पर्यंत कुठेही असू शकतो, आणि रेषा स्वतःही अंदाजच असल्यामुळे खरा पल्ला याहून थोडा रुंद असेल. शून्य या पल्ल्यात येतं.

याचा अर्थ वर्ग निरुपयोगी होते असा काढू नये. जवळपास चार गुणांचा फायदाही याच पल्ल्यात बसतो. या डेटावरून दोन्हींतलं काही ठरत नाही, एवढंच म्हणता येतं. तपासणाऱ्याने ही उलटी चूक करू नये म्हणून मुद्दाम सांगतो.

पायरी ४: अहवालातली वाक्यं एकेक करून पुराव्याशी जोडा

आता निष्कर्ष उघडा आणि तीन शब्दांखाली रेघ मारा: ‘मुळे’, ‘२० टक्के’ आणि ‘चालू ठेवावी’.

‘मुळे’ हा कारणाचा दावा आहे, आणि आधी व नंतर अशा दोन सरासऱ्यांवरून तो करता येत नाही. ‘२० टक्के’ हे गणित बरोबर आहे, कारण ८ भागिले ४१ म्हणजे जवळपास तेवढंच. पण १०० गुणांच्या चाचणीत वाचणाऱ्याला २० गुण वाढल्यासारखं वाटतं. जिथे मूळ एकक गुण आहे, तिथे वाढही गुणांतच सांगायला लावा. आणि ‘चालू ठेवावी’ या शिफारशीसाठी वर्गांवर किती वेळ आणि खर्च गेला हे लागतं. अहवालात त्याबद्दल एक ओळही नाही.

याच डेटावर टिकणारं वाक्य असं होईल: ‘दोन्ही चाचण्या दिलेल्या ८० जणांचे गुण सरासरी पावणेसातने वाढले. त्यातली सुमारे सव्वापाच गुणांची वाढ वर्गांशिवायही अपेक्षित होती. उरलेला फरक इतका लहान आहे की तो वर्गांचा परिणाम आहे असं खात्रीने सांगता येत नाही.’ शिकाऊ विश्लेषकाला हे वाक्य आयतं देऊ नका. त्याचं वाक्य आणि त्याचा तक्ता शेजारी ठेवून त्यालाच ते पुन्हा लिहायला सांगा.

पायरी ५: आलेख मथळा झाकून बघा

अहवालातल्या स्तंभालेखाचा उभा अक्ष ३८ पासून सुरू होतो. म्हणून ४१ चा स्तंभ तीन एकक उंच दिसतो आणि ४९ चा अकरा. दुसरा पहिल्याच्या साडेतीन पटीहून उंच. प्रत्यक्षात तो १.२ पट आहे. स्तंभात डोळा लांबी मोजतो, त्यामुळे स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच हवा. बिंदू किंवा रेषांच्या आलेखाला हा नियम तितका कडक लागू नाही.

पण अक्ष दुरुस्त करून भागणार नाही. दोन स्तंभांत ३८० विद्यार्थी दिसतच नाहीत: वर्ग न मिळालेले ३०० आणि वर्गांच्या गटातला ८० जणांचा पसारा. इथे स्कॅटर प्लॉट हवा: आडव्या अक्षावर पहिले गुण, उभ्यावर दुसरे, ५० वर एक उभी रेघ, दोन गटांना दोन रंग आणि आधी काढलेली सरळ रेषा. पायरी २ मधली सगळी चर्चा या एका चित्रात दिसते.

पायरी ६: मर्यादा खऱ्या आहेत की रिवाजाच्या

अहवालात लिहिलं आहे: ‘नमुना मर्यादित आहे. अधिक अभ्यासाची गरज आहे.’ हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही अहवालात चिकटवून पाहा. तिथेही शोभत असेल तर त्याला गुण नाहीत.

प्रामाणिक मर्यादेत तीन गोष्टी असतात: काय घडलं, त्याने आकडा कोणत्या बाजूला झुकला असेल, आणि साधारण किती. उदाहरणार्थ: ‘निवडलेल्या १०० पैकी २० जण दुसऱ्या चाचणीला आले नाहीत. त्यांचे पहिले गुण इतरांपेक्षा कमी होते, म्हणून सगळ्या शंभरांसाठी परिणाम इथे दिसतो त्याहून कमी असू शकतो. नोंदींत वर्गांसाठी निवड झालेले कळतात, प्रत्यक्ष हजर राहिलेले कळत नाहीत.’ मर्यादा अशी लिहिली असेल आणि निष्कर्ष मात्र पहिल्याच ठाम सुरात असेल, तरीही अहवाल परत पाठवा.

पायरी ७: गुण द्या आणि बोला

मी १०० पैकी ४० पद्धतीला, ३० अर्थ लावण्याला आणि १५-१५ आलेख व मर्यादांना देतो. मूळ डेटावरून अहवालातले आकडे पुन्हा निघत नसतील तर गुण न देताच परत करतो. इथे ते निघतात, म्हणून हा अहवाल पद्धतीत १५, अर्थ लावण्यात १०, आलेखात ५ आणि मर्यादांत ३ अशा ३३ गुणांवर थांबेल. डेटा स्वच्छ ठेवला आणि गणित पडताळता आलं, याचे पद्धतीतले १५ गुण त्याने खरोखर कमावलेले आहेत. ते त्याला स्पष्ट सांगा.

बोलताना चुकांची यादी वाचून दाखवू नका. दोनच प्रश्न विचारा: ‘ही सरासरी किती जणांची आहे?’ आणि ‘वर्ग न मिळालेल्यांचं काय झालं?’ मग त्याला डेटा उघडून उत्तर शोधायला वेळ द्या. दुसरा मसुदा आला की सर्वांत आधी ‘मुळे’ हा शब्द अजून तिथे आहे का ते बघा, आणि असेल तर त्याच्या आधी ३०० जणांची तुलना आली आहे का ते बघा.