वायरलेस माईकवाल्या शोआधी काय काय बघायचं (आमच्याच बँडसाठी)

पहिली गोष्ट, साउंडचेक करताना स्टेजवरचं सगळं चालू पाहिजे, सगळं म्हणजे लाइट, धुराचं मशीन, मागची एलईडी वॉल, सगळंच. मागच्या वेळी आपण दुपारी चारला चेक केला तेव्हा वॉल बंद होती. माईक काय मस्त चालला, आपली गायिका गात गात पार शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन आली आणि एकदाही आवाज तुटला नाही, मग आपण खुशीत बाहेर. साडेसहाला येऊन बघतो तर तोच माईक, तीच जागा, आणि दर ओळीत दोन शब्द गायब, मधूनच खर्रर्र. शो सातला.

सेल नवे टाकायचे, ते तर आहेच. पण एकदा बदलले की विषय बंद, आपण त्या दिवशी तीनदा बदलले कारण ड्रमरचं एकच पालुपद, सेलच असणार. सेल उतरला की बहुतेक माईक आधी दिवा नाहीतर स्क्रीनवर इशारा देतो आणि मग सरळ बंद पडतो. आपला बंद कुठे पडत होता, तुटत होता.

आता मुद्द्याचं. पम्या बँडमध्ये नाही, केबल गुंडाळायला येतो, पण खोट सापडली ती त्यालाच. आपण माईककडे बघत होतो आणि हा रॅकसमोर उकिडवा बसून रिसीव्हरकडे. म्हणाला, "माईक बंद कर बरं." केला. रिसीव्हरवर `RF` लिहिलेल्या पट्टीच्या तीन काड्या तशाच पेटलेल्या. माईक बंद असला की तिथे काहीच दिसायला नको ना! पम्या म्हणाला, "मग हा बोलतोय कोण?"

तर हे यादीत ठळक लिहा: माईक बंद करून रिसीव्हर बघायचा, काड्या दिसल्या तर दोष माईकचा नाही, त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसरं काहीतरी ओरडतंय. मग एकेक वस्तू बंद करत जायची, आणि एकच, दोन एकदम बंद केल्या तर कळणार काय डोंबल. आधी दुसरा वायरलेस माईक बंद केला, काड्या तशाच. इन-इअरचा ट्रान्समीटर, तशाच. वॉलवाला जाम कुरकुरला पण दहा सेकंद बंद कर म्हटल्यावर तयार झाला, आणि वॉल काळी झाली तशा तिन्ही काड्या गेल्या.

रॅक आपणच वॉलच्या मागे ठेवला होता, हाताच्या अंतरावर, स्टेजवर दिसायला नको म्हणून. वॉलच्या पॅनलमधले पॉवर सप्लाय आणि डेटाच्या केबली बराच रेडिओ कचरा सोडतात, आणि माईकची ताकद असते जेमतेम काही मिलिवॉट, वर तो दहाबारा मीटर लांब आणि मधे ती अख्खी भिंत. रिसीव्हरला बिचाऱ्याला जवळचाच गोंगाट ऐकू येणार. ड्रमर म्हणे स्क्वेल्च वाढवू. त्याने खरखर दबते, पण माईकची रेंजही कमी होते, म्हणजे शब्द आणखी गायब.

म्हणून आता रिसीव्हर स्टेजच्या बाजूला, वॉलच्या पुढे आणि तिच्यापासून लांब, डोक्याच्या वर येईल असा स्टँडवर, गायिका उभी राहते ती जागा तिथून सरळ दिसली पाहिजे, दोन्ही अँटेना व्हीसारख्या फाकवलेल्या. लांब केबल लागली तर ती रिसीव्हरपासून मिक्सरपर्यंतची वाढवा, अँटेनाची नको, तिच्यात सिग्नल गळतो. जागा बदलल्यावर वॉल चालू आणि आपले माईक बंद ठेवून `SCAN`, मग जी फ्रिक्वेन्सी मोकळी मिळेल ती माईकला `SYNC` करायची. हा क्रम उलटा केला तर काही अर्थ नाही, पम्याने आधी जागेवरच स्कॅन मारला होता तर सगळ्यात मोकळ्या फ्रिक्वेन्सीवरही एक काडी उरलीच होती.

शेवटी एकाने गात स्टेजभर फिरायचं, दुसऱ्याने काड्या बघायच्या. माईक खालून मुठीत धरायचा नाही, बऱ्याच माईकची अँटेना तिथेच असते. वायरचा माईक स्टँडवर लावलेला, मिक्सरला जोडलेला आणि बोलून बघितलेला हवा, नुसता बॅगेत नको.

आणि पम्यासाठी पास आधीच काढून ठेवा, त्या दिवशी गेटवाल्याने त्याला वीस मिनिटं बाहेर उभं केलं होतं.