लैंगिक छळाची तक्रार मागे घेताय? अर्जात या चुका टाळा

तालुक्याला टायपिंगवाल्याकडे गेलं की तक्रार मागे घ्यायचा अर्ज तयारच असतो, नाव अन् तारीख टाकायची बस. त्यात एक ओळ हमखास असते, "सदर तक्रार मी गैरसमजातून व रागाच्या भरात केली होती." बायांनो, जे घडलं ते खरं असेल तर ही ओळ लिहू नका, कोणी कितीही म्हटलं की फॉरमॅलिटी आहे न ताई, करा सही.

काहून म्हणते ते सांगते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा 2013 चा जो कायदा आहे त्याच्या कलम 14 मध्ये जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यावर कारवाईची सोय आहे. नुसती तक्रार सिद्ध झाली नाही म्हणून कोणाला खोटं ठरवता येत नाही, वाईट हेतू होता हे चौकशीतून दिसावं लागते. पण तुम्हीच सही करून रागाच्या भरात केली म्हणून दिलं तर समोरच्याच्या हातात कागद आला. उद्या त्याच माणसाबद्दल दुसरी कोणी बोलली तर हाच कागद काढून तो म्हणेल, आधीचीही खोटीच होती.

मागे घेणं म्हणजे नाकारणं नव्हे. पुढची चौकशी नको एवढंच सांगायचं असते.

समजा एका छोट्या पतसंस्थेतली ताई आहे, सगळे मिळून सात कर्मचारी. दहाच्या आत माणसं म्हणून अंतर्गत समिती नाही, त्यामुळे तक्रार तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्यामार्फत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे गेली. मधात मॅनेजर नोकरी सोडून गेला, अन् सुनावणीला यवतमाळला जायचं म्हणजे एसटीचं भाडं वेगळं अन् दिवसाचा पगार बुडते तो वेगळा. तिला खरंच पुढे जायचं नाही. तर तिनं असं लिहावं:

"मी दि. 12 मार्च रोजी दिलेली तक्रार स्वेच्छेने मागे घेत आहे. तक्रारीतील घटना घडलेल्या आहेत. संबंधित व्यक्तीने संस्था सोडली आहे आणि सुनावणीसाठी वारंवार येणे मला परवडत नाही, म्हणून मला पुढील चौकशी नको. माझ्यावर दबाव नाही व मी मोबदला घेतलेला नाही."

साध्या कागदावर चालते, स्टॅम्प पेपरची अट कायद्यात नाही. अन् मूळ तक्रारीत खरंच काही चुकलं असेल, म्हणजे तारीख 3 लिहिली अन् होती 5, किंवा एखादी गोष्ट स्वतः पाहिली नव्हती ऐकलेली होती, तर तेवढंच नेमकं दुरुस्त करा, कारण समोरच्याबद्दलही चुकीचं रेकॉर्ड राहू नये. एका तारखेपायी पूर्ण तक्रारच गैरसमज म्हणून टाकू नका.

आता सगळ्यात अवघड जागा. "दबाव नाही" ही ओळ खोटी असेल तर? दीर म्हणते घराचं नाव जाते, संस्थेचा अध्यक्ष म्हणते नोकरी राहणार नाही. तेव्हा अर्ज देऊच नका, समितीलाच लेखी सांगा की असा दबाव येऊन राहिला. कलम 12 खाली लेखी मागणी केली तर चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस समिती करू शकते, अन् नुसता यायचा त्रास असेल तर पुढची तारीख मागता येते. कारण एकदा मागे घेतली की परत करणं सोपं नाही, तक्रारीची मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने, समितीला कारण पटलं तर आणखी तीन.

समझोता झाला असेल तर त्याला माघारीचं रूप देऊ नका. चौकशी सुरू व्हायच्या आधी बाईनं स्वतः मागितलं तर कलम 10 प्रमाणे समिती समझोता करून तो लिहून ठेवते, दोघांना प्रत देते, पण पैसे हा त्याचा पाया असू शकत नाही. तिथं लिहिलेली अट समोरच्यानं मोडली तर चौकशी सुरू करायला लावता येते. साध्या माघारीच्या अर्जात हा आधार नसते.

पोलिसात एफआयआर असेल तर समितीच्या अर्जानं ती बंद होत नाही. लैंगिक छळाचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 मध्ये आहे अन् आपसात मिटवून ठाण्यातच संपत नाही, रद्द करायला हायकोर्टात, म्हणजे आपल्याकडे नागपूर खंडपीठात जावं लागते. वकिलाला विचारूनच त्या बाजूचं काही लिहा.

अर्ज दोन प्रतीत न्या, दुसरीवर आवक नंबर, तारीख, शिक्का अन् सही घ्या. फोटो कोणाला पाठवू नका, तक्रारीतली माणसं अन् चौकशीची माहिती उघड करायला कलम 16 प्रमाणे मनाई आहे. अन् समितीनं प्रकरण बंद केल्याचं लिहिलं की त्याची प्रत मागा, त्यात तुमचं कारण तुम्ही दिलं तसंच लिहिलं आहे का ते वाचा, "तक्रार निराधार" असं आलं असेल तर त्याच आठवड्यात लेखी हरकत द्या.